शेरेसाहेबांची सही आणि आईचा रकाना

शेरेसाहेब निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ते ऑफिसापुरतं. घरच्यांची अजून सुटका झालेली नाही. विमा कचेरीच्या टपाल विभागात तीस वर्षं आलेल्या प्रत्येक कागदावर लाल पेनाने शेरा मारायचा, हे त्यांचं काम, आणि गल्लीने त्यांना नावही त्यावरूनच दिलं. नवा फ्रिज हवा म्हणून बायकोने कारणांसह लेखी अर्ज केला होता. त्यावर 'जुना दुरुस्त होतो का पाहावे' असा शेरा पडला आणि तो कागद दोन उन्हाळे फायलीत पडून राहिला. तोवर घरातलं दूध नासत होतं, पण फाईल अगदी व्यवस्थित होती.

अशा घरात त्यांच्या लेकीने काय करावं? तर जेवताना, बाबांच्या तोंडात घास असताना, भाषण ठोकावं. पंचवीस वर्षं बापासोबत राहून पोरीला एवढंही कळू नये.

लेक पदवीधर. एका लिफ्ट कंपनीत तीन वर्षं तक्रारींचे फोन घेत होती. "लिफ्ट अडकली, लवकर या," हे दिवसभर ऐकायचं आणि मेकॅनिकला पाठवायचं. जेवणाच्या सुट्टीत ती मेकॅनिकांच्या मागे मागे जायची आणि मशीनच्या खोलीत उभी राहून बघायची. दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी कंपनीने अर्ज मागवले, तिने गुपचूप भरला, आणि निवड झाली. होकार कळवायला अडीच आठवडे होते, शेवटचा दिवस सोमवार, नाहीतर जागा पुढच्याला. घर सोडून निघून जाणं तिला जमलं असतं. पण तिला याच घरातून डबा घेऊन कामावर जायचं होतं.

तर भाषण. "माझं आयुष्य आहे", "मला याची आवड आहे", "मी ठरवलंय". आवड हा शब्द नऊदा आला. साहेबांनी घास गिळला, "पदवी घेऊन हातात पाना धरणार?" एवढं विचारलं आणि उठले. त्यानंतर अकरा दिवस बापलेकीत अबोला. एकाच खोलीत बसून साहेब बायकोला सांगायचे, "तिला म्हणावं पंखा बंद कर." आणि बायको, बिचारी, खरंच सांगायची.

बाराव्या दिवशी मशीनच्या खोलीत लेकीने सगळ्यात जुन्या मेकॅनिकपाशी, ज्याला सगळे मिस्त्री म्हणतात त्याच्यापाशी, रडगाणं गायलं. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "लिफ्ट अडकली की आपण पहिलं काय करतो?"

"दार उघडतो."

"ते नवशिके करतात. आपण आधी आतल्या माणसाशी बोलतो. किती जण आहेत, कोणाला घाबरल्यासारखं होतंय का. त्याचं ऐकून घेतलं की तो दार ओढायचा थांबतो, मग आपलं काम सुरू. तू बाबांचं ऐकलंस?"

गुरुवारी संध्याकाळी ती वही घेऊन साहेबांसमोर बसली. "बाबा, यात तुम्हाला काय काय खटकतं ते सांगा. आज मी उत्तर देणार नाही, फक्त लिहून घेणार."

साहेबांना हे इतकं सवयीचं होतं की ते अबोला विसरले. पदवी वाया गेली. पगार कमी. लोकांना काय सांगायचं. लेकीच्या जिभेवर प्रत्येकाला तिखट उत्तर आलं होतं, ते तिने गिळलं. शेवटी तिने सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "असंच ना? अजून काही राहिलं?"

साहेब खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "लिफ्टच्या शाफ्टमध्ये, त्या खोल विहिरीत पडलेल्या माणसांचे दावे माझ्या टेबलावरून जायचे. मी तारीख टाकून नोंदवायचो. वय लिहिलेलं असायचं. पदवीबिदवी नंतरची गोष्ट आहे."

हे त्यांनी तीस वर्षांत घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. लेकीने ते लिहिलं आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, तुझं काय?"

"माझं काही नाही," आतून आवाज आला. लेकीने लिहिलं, 'आई : काही नाही', आणि वही मिटली.

शनिवारी सकाळी तिने कागद ठेवले. डावीकडे साहेबांचे आक्षेप, त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे उत्तर. लिफ्टवर चढण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. लिफ्टच्या डब्याच्या छतावर पाय ठेवण्याआधी तिथलं थांबवायचं बटण दाबलेलं. एकट्याने काम नाही, आणि पहिले सहा महिने प्रशिक्षकाशिवाय शाफ्टमध्ये उतरायची परवानगीच नाही. पगार एक तृतीयांशाने कमी, म्हणून कपात तिच्या खर्चात, घरात द्यायचा वाटा तेवढाच. फोनवरची जागा वर्षभर राखून ठेवतो, असं तिच्या कंपनीतल्या वरिष्ठांचं पत्र सोबत. सहा महिन्यांनी पहिली परीक्षा. दोनदा नापास झाली तर मुकाट्याने परत. पन्नाशीत गुडघ्यांचं काय, यापुढे तिने लिहिलं होतं, 'माहीत नाही. मिस्त्रींचे दुखतात.'

साहेबांनी दोनदा वाचलं. कुलपाच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "किल्ली दुसऱ्या कोणाकडे नसते?" "नसते." गुडघ्यांच्या ओळीखाली त्यांनी लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'खरे उत्तर.' मग शेवटी, 'मान्य. सहा महिन्यांनी पुन्हा सादर करावे,' आणि सही. पोरीला रडू आलं.

तेवढ्यात आईने हात पुसून कागद उचलला. चष्मा लावून, सावकाश, पहिल्या ओळीपासून वाचला. तळाशी, वहीतून जशीच्या तशी उतरवलेल्या एका ओळीवर थांबली.

"'आई : काही नाही.' हे काय आहे?"

"तूच म्हणालीस ना."

"बाबांनाही पहिल्यांदा विचारलंस तेव्हा ते पगाराबद्दलच बोलले. तू थांबलीस, पुन्हा विचारलंस, तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. माझ्यापाशी किती थांबलीस? मी भाजी परतत होते, तेवढ्यात वही मिटलीस." आईचा आवाज चढला नव्हता. "बाबांची तुला भीती वाटते म्हणून त्यांचं ऐकलंस. माझी वाटत नाही."

साहेब पेनाचं टोपण लावत बसले. फ्रिजचा अर्ज त्यांना आठवला असेल तर बरंच झालं.

लेकीने वही उघडली. "सांग."

"तिथे तू एकटीच मुलगी. त्यातून अक्षर चांगलं, फोनवर बोलायची सवय. दोन वर्षं तुला रजिस्टरं भरायला बसवतील आणि पोरं हातात पाना धरतील. मग तू कशात पास होणार?"

एवढ्या मोठ्या कागदात हे कुठेच नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "विचारून येते. अजून काही राहिलं?"

"आधी हे विचारून ये."

शनिवारी कंपनी अर्धा दिवस उघडी होती. ती धावत गेली. प्रशिक्षणाच्या माणसाने कामाची वही दाखवली. रोज कोणतं काम किती तास केलं ते लिहायचं, प्रशिक्षकाची सही घ्यायची, आणि ठरलेले तास भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. तिने कोऱ्या पानाची प्रत आणली. आईने ती निरखून पाहिली, "दर महिन्याला मला दाखवायची," असं लिहायला लावलं, आणि साहेबांच्या सहीशेजारी, जिथे रकानाच नव्हता तिथे, स्वतःची सही केली. सोमवारी होकार गेला.

पहिल्या महिन्याची वही टेबलावर आली. साहेब लाल पेन शोधत होते, तोवर आईने पान उघडलं होतं. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. रजिस्टर लिहिणे, बेचाळीस तास.

"उद्या जाऊन विचार," आई म्हणाली. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि हलकेच म्हणाले, "कुठल्या ओळीत आहे, मलाही दाखव."