अभ्यंकरबाईंचं तिसरं कडवं

आमच्या शाळेतल्या आनंदीबाई अभ्यंकर एका जागी बसल्याचं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्यानेच, तोही अर्धा. उजव्या हाताची बोटं सदा कशावर तरी ताल धरलेली. टेबल, छत्री, एसटीचा दांडा, काहीही चालायचं. मी गणिताचा मास्तर. मी चिडवायचो, "बाई, तुमच्या पायांना चाकं आहेत." त्या हसायच्या नाहीत, कारण तेवढी उसंतच नसायची.

२००१ साली जूनमधल्या शनिवारच्या कार्यक्रमासाठी त्यांनी पहिल्या पावसावर कविता रचली. म्हणणार होती दुसरीतली दर्शना. तिचा बाप गंगाराम मुंबईला हॉटेलात कामाला. पेरणीपुरता गावी आला होता आणि रविवारी संध्याकाळी परत जाणार होता. "बाबा पुढं बसणार हायेत," असं दर्शना शाळेतल्या नळालासुद्धा सांगून आली असेल.

पहिली दोन कडवी तिने एका दिवसात पाठ केली:

काळे काळे ढग हे आले,
अंगण सारे ओले झाले.

टपटप टपटप कौलांवरती,
सरसर सरसर धारा झरती.

तिसऱ्याला मात्र गाडी रुतली:

क्षितिजावरती मेघगर्जना,
पुलकित सृष्टी करी अर्चना.

बाईंचा सगळा जीव या कडव्यात. पोर 'मेघ'वर थांबायची, ओठ चावायची, की रडू. चार दिवस हेच. मुख्याध्यापक महिपतराव म्हणाले, "बाई, आर्याला द्या. घडाघडा म्हणते ती."

"दर्शनाच म्हणेल. आणि कवितेत दोष नाही. मात्रा बरोबर आहेत."

मी मोजून पाहिल्या. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षराआधीच्या अक्षरावर जोर आला तर त्याच्याही दोन. प्रत्येक ओळीत सोळा, चोख. तरी पोर अडत होती, आणि बाई व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. मला त्यांचा रागही येत होता. एवढ्याशा कवितेसाठी एवढ्याशा पोरीला किती पिळायचं?

गुरुवारी मधल्या सुट्टीत दर्शना एकटीच टाळ्या वाजवत कविता म्हणत होती. दर चार मात्रांना एक टाळी. काळे, काळे, ढग हे, आले. प्रत्येक टाळी शब्दाच्या डोक्यावर. टपटप, टपटप, कौलां, वरती. तिथेही टाळी पडली की तोंडात काही अडकत नव्हतं. मग 'मेघग', आणि टाळी 'गर्ज'च्या ऐन पोटात. 'करी अर्चना'लाही तेच झालं. तिचे हात हवेतच राहिले.

बाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांचीही बोटं तिथेच अडली. "सोळा आहेत हो," त्या मला हळूच म्हणाल्या, "पण माझे शब्द टाळीच्या आड येतायत. मुलांच्या कवितेत शब्द टाळीवर सुटला पाहिजे." मग बाहेर जाऊन त्या दर्शनाजवळ वाकल्या. "ते क्षितिज राहू दे. पहिला पाऊस आला तेव्हा तुझ्या घरी काय झालं?"

"बाबा आलं ना मुंबैवरनं. वाटंत पाऊस. माजा खाऊ वला झाला."

"रडलीस?"

"न्हाय. वलाच खाल्ला."

बाईंची बोटं तिच्या गुडघ्यावर चालू लागली. सुट्टी संपायच्या आत कडवं तयार:

बाबा आले, पाउस आला,
खाऊ माझा ओला झाला!

'पाउस'मधला उ ऱ्हस्व, म्हणजे शब्द चार मात्रांत बसतो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. दर्शनाने कडवं एका दमात म्हटलं आणि आणखी तीनदा म्हटलं.

शनिवारी पहाटेपासून जो कोसळला, तो दिवसभर. अंगणातल्या मांडवाचं तळं झालं. कार्यक्रम सोमवारी, वर्गात. बाई दिवसभर आभाळाकडे बघून पुटपुटत होत्या. रविवारी त्या छत्री घेऊन गंगारामच्या घरी गेल्या, एक दिवस थांबता येईल का विचारायला. "बाई, मालक दुसरा मानूस ठेवील," तो म्हणाला. तिथेच त्याला कविता ऐकवावी असं बाईंच्या मनात आलं, पण दर्शना पडवीच्या खांबाआडून बाहेरच आली नाही.

सोमवारी वर्ग खच्चून भरला होता. पहिल्या बाकावर दर्शनाची आई गोदा, शेजारची जागा रिकामी. दर्शनाने दोन कडवी खणखणीत म्हटली. मग त्या जागेकडे बघून ती थांबली. महिपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंची बोटं टेबलावर एक, दोन, तीन, चार करत तिला ओढत होती.

दर्शनाने श्वास घेतला.

बाबा गेले, पाउस आला,
खाऊ माझा ओला झाला.

मुलं हसली. गोदाने पदर डोळ्यांना लावला.

"शेवटी चुकलीच," महिपतराव कुजबुजले.

बाईंची बोटं थांबली होती. टेबलावर हात तसाच, निपचित.

"चुकली नाही," त्या म्हणाल्या. "मात्रा बरोबर आहेत."