मंठाळची न मोजलेली तूर

गुलबर्ग्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायची. म्हणजे कविता-बिविता नाही. एम.एस्सी.च्या पोरांना त्यांचे रिपोर्ट आणि रिपोर्टाच्या आधी येणारा पानभर सारांश, ज्याला सगळे अॅबस्ट्रॅक्ट म्हणतात, तो धड इंग्रजीत लिहायला शिकवायचं काम माझ्याकडं होतं. पोरं बिदर, हुमनाबाद, आळंद अशा भागांतली. घरी मराठी नाहीतर कन्नड, शाळा कन्नड, बाजारात दखनी. त्यांच्या इंग्रजीवर मी फार तोंडसुख घ्यायची. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

सराव ठरलेला असे. मी काळांची खिचडी केलेला एक सारांश वाटायची. पोरांनी प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची, कडेला लिहायचं की हे वाक्य पद्धतीचं, निकालाचं की निष्कर्षाचं, आणि मग दुरुस्त करायचं. काय केलं ते भूतकाळात. काय सापडलं तेही भूतकाळात. त्यावरून काय म्हणायचं ते वर्तमानकाळात. ‘झाडं मोजली’, ‘वाळलेली कमी निघाली’, ‘म्हणून ही पद्धत उपयोगी आहे’. इतकं सरळ होतं. शिवाय मी एक सोपी वाट दाखवून ठेवली होती. कामाच्या आधी पोरं आराखडा देतात, त्यात सगळं ‘करण्यात येईल’, ‘मोजण्यात येईल’ असं असतं. मी सांगायची, तेच पान घ्या, ‘विल बी’ खोडा, ‘वॉज’ नाहीतर ‘वेअर’ लिहा, निम्मा रिपोर्ट तयार. मेथड म्हणजे भूतकाळ, डोळे झाकून. पोरं खूश व्हायची आणि मीही.

त्या वर्गात दुबलगुंडीची एक पोरगी होती. घराण्यात पूर्वी मेंढरं होती, आता बाप मजुरीला जायचा. वर्गात ती बोलायची कमी, पण सरावाचा कागद सगळ्यांच्या आधी पुरा करायची आणि तो चुकलेला नसायचा. तिचा विषय तुरीवरचा मर रोग. ज्वारीसोबत पेरलेली तूर आणि नुसती पेरलेली तूर, दोन्हींत किती झाडं वाळतात ते तीन गावांत मोजायचं. दुबलगुंडी, शेजारचं एक गाव आणि बसवकल्याणकडचं मंठाळ. तिच्या गाइडनं तिला एका संशोधन प्रकल्पात जागा मिळवून दिली होती. अट एकच, महिनाअखेर एम.एस्सी.चा निकाल हातात पाहिजे. ती जागा म्हणजे तिच्या घरातली पहिली नोकरी होती.

तिचा सारांश माझ्याकडं आला तेव्हा तपासायला पंचवीसेक कागद होते. पद्धतीचा परिच्छेद छान भूतकाळात, आणि मधेच एक वाक्य भविष्यकाळात. मंठाळच्या शेतांतली झाडं मोजण्यात येतील. मी चरफडले. इतकं शिकवून हुशार पोरगी हे ठेवते? खोडलं आणि वर ‘मोजण्यात आली’ लिहिलं. खाली निष्कर्षात तिनं लिहिलं होतं, ज्वारीसोबतच्या तुरीत मर कमी होती. तेही खोडून ‘कमी असते’ केलं. तीन गावांतलं काम आहे, मग ठणकावून सांगायला काय झालं?

कागद परत दिला तर ती टेबलापाशी थांबून राहिली. म्हणाली, म्याडम, ह्ये मंठाळचं वाक्य. मी वर न बघताच विचारलं, हा परिच्छेद कशाचा हाय? मेथडचा, ती म्हणाली. मग मेथडला काळ कोणता? भूत, म्हणाली. मग कामून इचारायलीस? मी तिच्याच भाषेत तिला चिडवलं, मागची पोरं हसली. तीही जराशी हसली, कागद घेतला आणि गेली. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील या सगळ्याला.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी मागच्या खुर्चीवर बसले होते. माझी पोरं इंग्रजीत कशी बोलतात ते बघायची मला हौस होती. बाहेरून आलेले परीक्षक शांत स्वभावाचे होते. त्यांनी तिचा रिपोर्ट चाळला, तक्त्याचं पान काढलं, मग सारांशाचं, परत तक्त्याचं. म्हणाले, सारांशात तीन गावं आहेत, तक्त्यात दोनच कशी? मंठाळचे आकडे कुठं आहेत?

ती म्हणाली, मंठाळला जायच्या वेळी वडील दवाखान्यात होते. नंतर मी गेले तर शेतकऱ्यांनी तूर काढून टाकली होती. मोजणी झालीच नाही.

परीक्षकांनी विचारलं, मग ‘मोजण्यात आली’ असं कसं लिहिलंत?

ती गोंधळली. मला दिसत होतं, ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. शेवटी हळू आवाजात म्हणाली, “सर, मला वाटलं इंग्रजीत मेथड तसंच लिहितात. न केलेलं असलं तरी.”

दोघं-तिघं हसले. परीक्षक हसले नाहीत. ती खोटं बोलणारी पोरगी नव्हती. कुठलं काम राहिलंय ते तिनं आपल्या परीनं लिहून ठेवलं होतं, आणि मी ते पुसून तिला खोटं लिहायला लावलं होतं. तिची चूक एवढीच, की माझ्यावर विश्वास ठेवला. मी उठून सांगायला पाहिजे होतं की हे वाक्य माझं आहे. एका वाक्याचं काम. पण समोर परीक्षक, शेजारी विभागातले सगळे, आणि इंग्रजी तपासणारी म्हणून माझं नाव. मी बसून राहिले. तिनं एकदाही मागं वळून माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या हातची खाडाखोड असलेला कागद तिच्या फायलीतच असणार, पण तिनं तोही काढला नाही.

रिपोर्ट दुरुस्त करून परत द्या, असं ठरलं. नापास केलं नाही. पण दुरुस्ती, पुन्हा सह्या, पुन्हा विद्यापीठाची वारी, यात महिना उलटला आणि ती जागा दुसऱ्याला गेली. गाइडनं मला हे जिन्यात भेटल्यावर सहज सांगितलं. पोरगी चांगली होती, जरा घाईत राहिली, म्हणाले. तेव्हाही मी नुसतं हं म्हटलं.

नवा सारांश घेऊन ती माझ्याकडं आली, कारण भाषा तपासल्याची सही माझीच लागायची. दोन गावांतली झाडं मोजली. तिसऱ्या गावात मोजणी होऊ शकली नाही. निष्कर्षातलं माझं ‘असते’ तिनं काढून टाकलं होतं. या दोन गावांत, या एका हंगामात कमी दिसली, एवढंच लिहिलं होतं.

मी वरपासून एकेका क्रियापदाखाली रेघ मारत गेले. नोकरीचा विषय काढायचं धैर्य नव्हतं, आणि चूक माझी होती हेही मी सांगितलं नाही. शेवटच्या ओळीशी आले तेव्हा तीच म्हणाली,

“आता खरं हाय, म्याडम. बरोबर हाय का, ते तेवढं तुमी बघा.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं; निदान मी चिडले तरी असते. ती खरोखरच विचारत होती. खरं काय ते तिला ठाऊक होतं, आणि बरोबर काय ते मला ठाऊक असतं, असा तिचा अजूनही समज होता. मी म्हटलं, व्हय, बरोबर हाय. सही केली. ती थँक्यू म्याडम म्हणाली आणि कागद सांभाळून फायलीत घालून निघून गेली.