डायलिसिसची जागा बदलली

मीनाक्षी एका खाजगी हॉस्पिटलचं फेसबुकचं पान घरबसल्या सांभाळते. वय एकोणपन्नास. त्याआधी अठरा वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा पानावर मुद्रितं तपासली, आवृत्ती बंद पडली तशी ती घरी बसली. घरी बसली म्हणजे काय, तर मोबाइल घेऊन बसली. हॉस्पिटलच्या जनसंपर्क विभागातून इंग्रजीत भलंमोठं निवेदन येतं, त्यातलं काढून तिनं फोटोखाली चार ओळी मराठी लिहायच्या. काम दिसायला सोपं. पण इंग्रजीतल्या साहेबाला मराठीत आणायचं तर आधी त्याचा कोट उतरवावा लागतो आणि हॉस्पिटलवाल्यांचा सगळा जीव त्या कोटातच.

तिची एक पद्धत होती. लिहिलेलं आधी आवडाबाईंना वाचून दाखवायचं. आवडाबाई पोळ्या करायला येत. ऐकून झालं की मीनाक्षी विचारायची, "आता सांगा, काय करायचं?" आवडाबाईंनी "बुधवारी जायचं, रेशनकार्ड न्यायचं" असं सांगितलं की मजकूर पास. त्या "चांगलं लिवलंय" म्हणाल्या की नापास. कौतुक आलं की समजावं, काही कळलेलं नाही.

त्या शनिवारी आवडाबाईंची सुट्टी होती आणि हिमांशूला घाई. हिमांशू म्हणजे हॉस्पिटलचा जनसंपर्क अधिकारी. पोरगा वाईट नाही, पण घोड्यावर बसून येणारा. शुक्रवारी संध्याकाळी वरच्या साहेबांचा निर्णय झाला, शनिवारी सकाळी निवेदन आलं आणि अर्ध्या तासात पोस्ट हवी होती. मीनाक्षीनं मुकाट्यानं शब्दाला शब्द ठेवला: 'रुग्णकेंद्री उत्कृष्टतेच्या वचनबद्धतेला अनुसरून किडनी-सेवांचे अत्याधुनिक संकुलात धोरणात्मक एकत्रीकरण सोमवारपासून कार्यान्वित होत आहे.' सोबत काचेच्या इमारतीचा फोटो. हिमांशूनं अंगठा पाठवला. रात्रीपर्यंत चारशे लोकांनीही.

रविवारी आवडाबाई आल्या. मीनाक्षीनं सवयीनं ती पोस्ट वाचून दाखवली.

"लई चांगलं झालं की ताई," कणीक मळता मळता त्या म्हणाल्या. "नवी बिल्डिंग झाली. आमच्या सांडूनंबी पाह्यलं काल. हात जोडल्याचं चित्र टाकलं त्यानं, अभिनंदन म्हणून."

सांडू त्यांचा धाकटा भाऊ. पैठणला धरणाकडच्या रस्त्यावर त्याची भज्यांची गाडी. दोन वर्षांपासून सोमवारी आणि गुरुवारी पहाटेची एसटी धरून तो याच हॉस्पिटलात डायलिसिसला येतो.

"मग उद्या तो कुठं जाईल?" मीनाक्षीनं विचारलं.

"कुठं म्हंजे? औरंगपुऱ्यात. नेहमीसारखं."

मीनाक्षीनं इंग्रजी निवेदन पुन्हा उघडलं. औरंगपुऱ्यातल्या जुन्या इमारतीतली यंत्रं त्याच दिवशी उचलून बीड बायपासला चालली होती. उद्या तिथं रिकामी खोली असणार. ज्याची जागा हलली, त्यानंच हलवणाऱ्याचं अभिनंदन केलं होतं आणि ते अभिनंदन घडवून आणलं होतं तिनं. तिनं भराभरा खालचे अभिप्राय चाळले. 'हार्दिक शुभेच्छा.' 'शहराच्या शिरपेचात मानाचा तुरा.' 'खूप छान.' पत्ता एकानंही विचारला नव्हता.

आवडाबाईंनी पिठाच्या हातानंच सांडूला फोन लावला. त्याला कळलं. पण बाकीचे?

तिनं हिमांशूला फोन केला.

"मॅडम, डायलिसिसवाल्यांनी सगळ्यांना कळवलंय."

"सगळ्यांना?"

"म्हणजे, शनिवारच्या पेशंटना समोरासमोर सांगितलं. सोमवारवाल्यांना फोन चालू आहेत. काही नंबर लागत नाहीत. पण पोस्ट आहे ना आपली."

"त्या पोस्टमधून काही कळत नाही, सर. मी दुसरी लिहिलीय, ऐका. 'औरंगपुऱ्यातलं डायलिसिस सोमवारपासून बंद—'"

"बंद?" हिमांशू किंचाळलाच. "मॅडम, 'बंद' वाचून लोकांना वाटेल हॉस्पिटल बुडालं!"

मीनाक्षीला राग आला, पण म्हणणं खोटं नव्हतं. 'बंद' या शब्दाला आपल्याकडे पाय फुटतात. संध्याकाळपर्यंत गावोगाव बोभाटा झाला असता की डायलिसिसच संपलं. तिनं फोन ठेवला आणि पुन्हा लिहायला बसली. एकदा, दोनदा, पाचदा. पोस्टच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर 'आणखी पाहा'च्या मागे दडतो. म्हणजे जीव त्या दोन ओळींतच घालायला हवा. शेवटी उतरलं ते असं:

'डायलिसिसची जागा बदलली. सोमवारपासून औरंगपुऱ्यात येऊ नका, बीड बायपासच्या नव्या इमारतीत या. पैठणकडून एसटीनं येणाऱ्यांनी शहरात न येता महानुभाव आश्रम चौकातच उतरावं, तिथून रिक्षा मिळते. पहिली बॅच सात वाजताच. अडचण आली तर फोन करा.' आणि नंबर.

"सांगा, काय करायचं?" तिनं विचारलं.

"महानुभावला उतरायचं," आवडाबाई म्हणाल्या. "आन् हे काल का नाय लिवलं?"

मीनाक्षीनं मजकूर हिमांशूला पाठवला. त्याचं उत्तर आलं: उद्या दहाला मीटिंग आहे, तिथं मंजूर करून घेऊ. दहाला! सातला पहिली बॅच, आणि साहेबांची मंजुरी दहाला. डायलिसिसची पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, दम लागतो, हे तिला सांडूमुळे माहीत होतं. तिनं न विचारताच पोस्ट टाकली. फोटोवरही त्याच दोन ओळी मोठ्या अक्षरांत चढवल्या, कारण पुढे पाठवताना लोक फोटो पाठवतात, खालचा मजकूर मागेच राहतो. दहा मिनिटांत हिमांशूचा निरोप आला: 'उद्या अकराला ऑफिसला या. तुमच्या कामाबद्दल बोलायचंय.'

ती रात्र कशी गेली ते तिचं तिलाच ठाऊक. काम जाणार ही भीती होतीच, पण डोळ्यांसमोर येत होता तो औरंगपुऱ्यातला जिना आणि त्यावर टेकलेली माणसं. सकाळी साडेसहाला ती स्कूटी काढून औरंगपुऱ्याच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

पावणेसात झाले, कुणी नाही. सातला दहा कमी असताना एक रिक्षा थांबली. बजाजनगरहून आलेलं जोडपं. माणूस सुजलेल्या पायांनी कसाबसा उतरला. बायकोच्या हातात औषधांची पिशवी.

मीनाक्षी धावली. "काका, इथं नाही, बायपासला! पोस्ट नाही का मिळाली तुम्हाला?"

"मिळाली ना," बाई म्हणाली. "पुतण्यानं दोन्ही दाखवल्या. काचंची बिल्डिंग पाह्यली आम्ही."

"मग इकडे कशा आलात?"

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. ओशाळून म्हणाली, "आम्हाला वाटलं, ते मोठ्या लोकांसाठी आसंल. आमच्या रेशनकार्डावर तिथं कोन घेतंय? म्हनलं, आपल्यासारख्यांचं इथंच ऱ्हाईल."

मीनाक्षीनं आधी रिक्षावाल्याला बायपासचा पत्ता सांगितला, दोघांना परत बसवलं, नव्या इमारतीत फोन करून एक यंत्र अडवून ठेवायला लावलं. रिक्षा वळून गेली, तशी तिथंच फाटकाच्या कट्ट्यावर बसून तिनं मोबाइल उघडला आणि पोस्टमध्ये सगळ्यात वर एक ओळ घातली:

'तुमचं कार्ड तेच, वार तोच, वेळ तीच. नवी इमारत तुमच्यासाठीच आहे.'

वाचून दाखवायला जवळ कुणी नव्हतं. तिनं स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवली, आणि वाचता वाचता तिला रडू आलं.