पिट्युटरीचा मागचा भाग

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. बायकोलाही कधी बोललो नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होतो. होस्टेलमधला माझा खोलीसोबती कुहीकडचा, धानाच्या शेतातून आलेला. फिजिऑलॉजी मला त्यानेच शिकवली.

"पिट्युटरी म्हणजे आपल्या मेसचा मॅनेजर," तो म्हणायचा. "थायरॉइड म्हणजे आचारी, अन् टीएसएच म्हणजे मॅनेजरचं ओरडणं. पोळ्या भरपूर दिसल्या का मॅनेजर चूप. आचारी आजारी पडला, पोळ्या कमी झाल्या, का तो आणखी ओरडते. समजलं का गा?"

"अन् मॅनेजरच झोपला तर?"

"मंग आचारी चांगला असून उपाशी मरशील!"

पिट्युटरीच्या पुढच्या भागातल्या सहा संप्रेरकांची नावं तो माझ्याकडून दात घासताना म्हणवून घ्यायचा: वाढीचं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, टीएसएच, एसीटीएच, एफएसएच, एलएच. "मागचा भाग निस्तं कोठार हाय. एडीएच, ऑक्सिटोसिन बनवते वरचा, मेंदूतला हायपोथॅलॅमस. हा ठेवते अन् सोडते."

विषयाच्या पदकासाठी आम्हा दोघांचीच नावं घेतली जात. लेखी परीक्षेत तो पुढे असणार, हे मला ठाऊक होतं.

तोंडी परीक्षेत आमच्याकडे एक रीत होती. आत जाऊन आलेल्याने बाहेर थांबलेल्यांना प्रश्न सांगायचे. माझा नंबर त्याच्या आधी होता. एडीएच कुठे तयार होतं, हे मला विचारलं गेलं. मी त्यानेच शिकवलेलं उत्तर दिलं, आणि बाहेरगावचे परीक्षक खूश झाले.

बाहेर येताच त्याने माझा हात धरला. "काय इचारलं गा?"

"एडीएच," मी म्हणालो. "पण हायपोथॅलॅमस म्हणू नको. सर जुन्या मताचे आहेत, चिडतात. मागचा भागच बनवतो, असं सांग."

"पक्कं?"

"पक्कं."

तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. सरांनी दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा तो माझ्या शब्दावर ठाम राहिला होता. मग त्यांनी, हे तुला कोणी शिकवलं, म्हणून विचारलं.

"तू काय म्हणालास?"

"माह्यंच चुकलं म्हटलं." माझ्याकडे न बघता तो बूट काढत राहिला.

पदक मला मिळालं. त्याने मिठी मारून अभिनंदन केलं. पुढची चार वर्षं आम्ही एकाच खोलीत राहिलो, पण मी तोंडी परीक्षा देऊन बाहेर आल्यावर, आत काय विचारलं, हे त्याने मला पुन्हा कधी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मी कुहीला त्याच्या दवाखान्यात गेलो. ठरवूनच गेलो होतो. एका बाईचा थायरॉइडचा रिपोर्ट हातात धरून तो तिला समजावत होता, "मॅनेजर लय ओरडून राहिला वं माय, आचारी दमला तुह्या."

ती गेल्यावर त्याने चहा मागवला. "काहून आला गा एवढ्या दूर?"

"सहज," मी म्हणालो.

तो गेला त्यालाही आता चार वर्षं झाली. त्या दिवशी बसमध्ये कुहीपर्यंत त्याच्याच बोलीत घोकत गेलेलं वाक्य इतकंच होतं: तुले मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं, मले माफ कर.