नावाला समानार्थी शब्द नसतो

मी बी.एड. झाले तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि मला माझं नाव सांगता येत नव्हतं. नाव माहीत होतं. लिहिता येत होतं. सांगायला गेलं की पहिलंच अक्षर घशात बसायचं आणि हलायचं नाही. बाकी बोलायला मला फारशी अडचण नव्हती. एखादा शब्द अडकतोय असं वाटलं की मी त्याच्या जागी दुसरा घालायचे. 'पुस्तक' अडकलं तर 'ग्रंथ', 'काम' अडकलं तर 'उद्योग'. त्यामुळे माझी भाषा जरा भारदस्त वाटायची आणि मुलुंडच्या आमच्या चाळीत मी हुशार समजली जायचे. पण नावाला समानार्थी शब्द नसतो.

कॉलेजात हे निभावून गेलं. हजेरीला नाव सर घ्यायचे, आपण फक्त 'हजर' म्हणायचं. बी.एड.च्या सराव पाठांना आमच्या प्राध्यापिकाच वर्गाला सांगायच्या, "आज या बाई शिकवतील." माझे सगळे पाठ चांगले झाले. शेरे अजून माझ्याकडे आहेत. 'फलकलेखन सुवाच्य' असं जवळजवळ प्रत्येकावर आहे.

खरी पंचाईत नोकरीच्या वेळी झाली. खाजगी शाळांमध्ये तेव्हा अर्जदारांना बोलवून वर्गावर एक पाठ घ्यायला लावायचे. वर्ग खरा, मुलं खरी, आणि मागच्या बाकांवर निवड समिती. पाठाच्या आधी उमेदवाराने वर्गाला स्वतःची ओळख करून द्यायची. मुलांना ओळख झाली तर मुलं मोकळी होतात, असं समितीचं म्हणणं असायचं. समिती मुलांकडे बघत नसायची, आमच्याकडे बघत असायची.

पहिल्यांदा बोरिवलीला गेले. तिथे मी अडकले तेव्हा समितीतल्या एका गृहस्थांनी अर्जावरून माझं नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "पुढे चला." मी पुढे गेले. पत्र आलं नाही.

दुसऱ्यांदा अंधेरीला. या वेळी मी आदल्या आठवडाभर विचार केला होता. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव स्वराने सुरू होतं. ते मला कधीच अडत नसे; रेशनच्या दुकानात मी ते कित्येक वर्षं वापरत होते. वर्गासमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडून सरळ तेच गेलं. अगदी स्वच्छ, न थांबता. पाठही उत्तम झाला. नंतर ऑफिसात मुख्याध्यापकांनी माझी प्रमाणपत्रं चाळली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"ही प्रमाणपत्रं कोणाची?"

"माझी."

"मग वर्गात सांगितलं ते नाव कोणाचं?"

"बहिणीचं."

त्यांनी प्रमाणपत्रं पुन्हा एकावर एक रचली. मग म्हणाले, "बहीणसुद्धा बी.एड. आहे का?"

ती तेव्हा अकरावीत होती. मी तसं सांगितलं. त्याने काही सुधारलं नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आई मालवणची. ती तांदूळ निवडत होती. "आपला नाव सांगूक इतको येळ कित्याक लागता गो?" ती म्हणाली. चिडून नव्हे, खरोखरच तिला कळत नव्हतं. बाबा गिरणीतून सुटल्यापासून एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव विचारायचं हे त्यांचं कामच होतं. ते म्हणाले, "काही लोक नाव न सांगता आत जातात. मी त्यांना वहीत लिहायला सांगतो." एवढंच बोलून ते जेवायला बसले.

तिसरं बोलावणं घाटकोपरच्या शाळेचं. मराठी विषय, पाचवीचा वर्ग, पाठ वीस मिनिटांचा. घटक पत्रातच दिला होता: नाम आणि नामाचे प्रकार. ते वाचून मी पत्र पुन्हा पाकिटात घातलं आणि थोड्या वेळाने परत काढून वाचलं. घटक तोच होता.

आम्ही चौघी उमेदवार होतो. आम्हाला वाचनालयाच्या खोलीत बसवलं होतं आणि एकेकीला बोलवत होते. माझा नंबर तिसरा. समोरच पाचवीचा वर्ग असल्याने आधीच्या दोघींची ओळख मला अर्धी-मुर्धी ऐकू आली. दोघींनाही लहान मुलांची लहानपणापासून आवड होती.

वर्गात शिरले. मुलांनी उभं राहून एका सुरात "एक साथ नमस्ते" केलं. शेवटच्या बाकावर तिघं बसलेले: शाळेच्या मुख्याध्यापिका, संस्थेचे सचिव आणि विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलेले एक निवृत्त गुरुजी. मी फळ्याकडे वळले, वार-तारीख लिहिली, इयत्ता, विषय लिहिला. घटक लिहिणार तेवढ्यात मागून सचिव म्हणाले, "बाई, आधी ओळख. नाव, शिक्षण, अनुभव."

मी वर्गाकडे तोंड केलं. "माझं नाव," इथपर्यंत नीट आलं. पुढे काही नाही. तोंड उघडं, जीभ जागच्या जागी, आवाज बंद. किती वेळ गेला सांगता येत नाही. मुलांची कुजबुज थांबली, म्हणजे बराच गेला असणार.

पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. "बाई, तुम्ही नाव विसरलात का?"

"नाही," मी म्हटलं. "नाव अडकलंय."

"कुठे?"

मी गळ्यावर बोट ठेवलं. "इथे."

वर्ग हसला. मला राग आला नाही, कारण त्यांच्या जागी मी असते तरी हसले असते. पण हसण्यामुळे एक झालं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मी वळले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत माझं पूर्ण नाव लिहिलं.

"हे कोणाचं नाव असेल?"

"तुमचं!"

"वाचा."

सगळ्यांनी वाचलं. 

"आता माझ्याबरोबर."

आणि पंचावन्न मुलांबरोबर मी माझं नाव म्हटलं. अडखळल्याशिवाय. मला हे आधीपासून ठाऊक होतं की सगळ्यांबरोबर म्हटलं की माझं काही अडत नाही. प्रार्थना, आरती, पाढे, सगळं सुरळीत जायचं. पण आपल्या नावाची आरती कोण कशाला म्हणेल, म्हणून हे कधी करून बघितलं नव्हतं. आम्ही दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा जरा जास्तच जोरात.

"नाव मुलांनी सांगितलं," सचिव म्हणाले. "आता तुम्ही एकट्या सांगा."

"सर, एकटीला वेळ लागतो. आत्ता सांगत बसले तर पाठाची मिनिटं जातील. पाठ झाल्यावर सांगते."

सचिवांनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले.

प्रस्तावनेसाठी मी घरून एका बाजाराचं चित्र रंगवून आणलं होतं. ते गुंडाळीतच राहिलं. फळ्यावर माझं नाव होतं, त्याच्या शेजारी मी 'बाई' असं लिहिलं.

"तुम्ही मला बाई म्हणता. हेही माझंच, तेही माझंच. मग फरक काय?"

मुलं दोन्ही शब्दांकडे आळीपाळीने बघायला लागली. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. "बाई कितीपण असतात. आज तीन आल्या. पण ते नाव तुमचं एकटीचं."

निवृत्त गुरुजींनी वहीत काहीतरी लिहिलं.

"पण बाई, माझ्या मामीचं पण तेच नाव आहे," एक मुलगा म्हणाला.

"मग मामी आणि मी एकच का?"

"नाही. मामी भांडुपला राहते."

"म्हणजे नाव एकच असलं तरी तू मामीचं नाव घेतोस तेव्हा तिच्याबद्दल बोलतोस. माझं घेतोस तेव्हा माझ्याबद्दल."

"पण आम्ही तिला मामीच म्हणतो," तो म्हणाला. मग मी 'मामी'सुद्धा फळ्यावर लिहिलं, 'बाई'च्या खाली. सामान्यनाम आणि विशेषनाम तिथेच संपलं. राहिलं भाववाचक नाम. जे दिसत नाही, हातात धरता येत नाही, पण असतं, असं एक नाव सांगा, मी म्हटलं. गोडी, शहाणपण, आनंद अशी उत्तरं आली. मग दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "भीती."

"बरोबर."

"बाई, तुम्हाला मघाशी भीती वाटली का?"

मी शेवटच्या बाकाकडे बघितलं नाही. "वाटली."

"मग लिहा ना."

मी 'भीती' लिहिलं. उपयोजनाला, म्हणजे सरावाला, मुलांकडून प्रत्येक प्रकारची तीन-तीन उदाहरणं घेतली, गृहपाठ दिला, फळा पुसला. माझं नाव पुसताना दोन-तीन मुलं "राहू द्या ना बाई" म्हणाली. पण चौथी उमेदवार यायची होती.

चौथीचा पाठ झाल्यावर मुलाखतीला ऑफिसात बोलावलं. मी बसायच्या आधीच सचिव म्हणाले, "हं. आता सांगा."

मी सांगायला लागले. पहिल्यांदा नाही आलं. दुसऱ्यांदा अर्धं आलं. तिसऱ्यांदा पूर्ण आलं. तिघंही टेबलाकडे बघत थांबले होते. मी बोलून झाल्यावर सचिव मनगटावरचं घड्याळ नीट करत म्हणाले, "सव्वा मिनिट."

"आज बरं आलं," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मुलं चिडवतील तुम्हाला," निवृत्त गुरुजी म्हणाले.

"चिडवतील. मीही शाळेत होते, मला माहीत आहे कसं चिडवतात. नवीन काही त्यांना सुचेल असं वाटत नाही."

"पालकांच्या सभेत काय कराल?" सचिवांनी विचारलं.

"आज केलं तेच. अडलं तर सांगेन की अडलंय."

मुख्याध्यापिका तोवर काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला. "वर्गात पंचावन्न मुलं. रोज हजेरी घ्यायची. ती नावं येतील?"

"दुसऱ्यांची येतात," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. मान हलवली आणि पुढची फाईल उघडली.

दहा दिवसांनी पत्र आलं. दोन वर्षं परिविक्षेवर नेमणूक. आईने ते पत्र देवापुढे ठेवलं. बाबांनी तिथून उचलून सावकाश दोनदा वाचलं आणि माझं नाव बरोबर लिहिलंय म्हणाले. बरीच वर्षं झाल्यावर मुख्याध्यापिका निवृत्त होताना मला कळलं की सचिवांचा विरोध होता. "मी त्यांना एवढंच म्हटलं," त्या म्हणाल्या, "की चार बायकांनी एकाच वर्गाला एकच व्याकरण शिकवलं. तुमच्या वेळी मुलं जागी होती. त्यांना ते पटलं नाही. पण गुरुजी माझ्या बाजूने होते, मग दोन विरुद्ध एक झालं."

रुजू झाले त्या दिवशी वर्गात मला काहीच त्रास झाला नाही. पाचवीच्या मुलांनी मी दारात दिसताच माझं नाव एका सुरात म्हटलं. शेजारच्या वर्गावरच्या शिक्षिका काय झालं म्हणून बाहेर आल्या.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत गेले. बाराजण डबे उघडून बसले होते. एकाने विचारलं, "नवीन ना? नाव काय तुमचं?" मी सुरुवात केली. अडकले. तोंड उघडं, डोळे मोठे. कोपऱ्यात बसलेले खेळाचे शिक्षक ताडकन उठले, माठातलं पाणी पेल्यात भरून धावत माझ्यापाशी आले आणि पाठीवर थाप मारत म्हणाले, "प्या, प्या, आधी प्या!"

मी पाणी प्यायले. तहान लागलीच होती.