ज्ञानबाचं वाढवलेलं वय

साखरा गावच्या पंचफुलाबाईचा कुणावरच भरवसा नव्हता. दुकानातली साखर घेतानाही ती आधी चिमूटभर तोंडात टाकून बघायची. त्यात तिचा दोष नाही. नवरा ज्ञानबा मेंढरं घेऊन लांब गेला आणि तिकडेच साप चावून मेला. मुलगा शिवहार त्यानंतर जन्मला. दीर अमृतरावानं तेव्हा भावकीत बसून बोटांवर महिने मोजले, आणि पोर भावाचं नाही हा संशय पन्नास वर्षं घरात जेवायला बसत आला. कुणी तोंडावर बोललं नाही. पाठीमागं मात्र सगळे बोलत.

आता नात सुकन्याचं लग्न ठरलं. आजी-आजोबांचा जोडीचा फोटो हवा, असा तिचा हट्ट. पण ज्ञानबाचा एकच फोटो होता, जत्रेत फेटा बांधून काढलेला, पंचविशीतला. त्याच्याशेजारी सत्तरीची पंचफुलाबाई म्हणजे आई-लेकच दिसणार. म्हणून शिवहार तिला सेनगावला चाँद पाशाच्या स्टुडिओत घेऊन गेला.

पाशानं तिचा फोटो काढला, ज्ञानबाचा स्कॅन करून डाग पुसले. म्हणाला, कॉम्प्युटर वय वाढवतो, पण तो अंदाजच असतो. रक्ताच्या माणसाचा फोटो जोडीला दिला तर सुरकुत्या बराबर पडतात. शिवहार समोरच होता, त्याचाच काढू, असं पाशा म्हणाला.

"त्याचा न्हाई घ्यायचा," पंचफुलाबाई म्हणाली.

पाशाच्या मनात पाल चुकचुकली. बाई काहीतरी लपवतेय, असं त्याला वाटलं. तिनं शिवहारला बाहेर पाठवलं आणि स्वतः स्टूल ओढून पाशाच्या खांद्याशी बसली. चोरून दुसरा फोटो घालशील म्हणाली.

पहिल्यांदा यंत्रानं ज्ञानबाला गोरापान करून छान कातरलेली दाढी लावली. हा कोण शहरातला पेन्शनर, म्हणून तिनं तो धुडकावला. पाशानं पुन्हा बसून रंग मूळ फोटोतला ठेवला, नाकडोळ्यांची ठेवण तीच ठेवली, दाढी काढली आणि वय टप्प्याटप्प्यानं वाढवलं. तीस. चाळीस. कानशिलं पांढरी झाली, गाल उतरले.

"थांब," ती म्हणाली. "किती झालं?"

"पन्नास. सत्तर करायचंय ना?"

"न्हाई. हाच ठेव. माझं वय उतरव पन्नासवर." मग हलक्या आवाजात तिनं विचारलं, "शिवहारचा फोटो कुठं वापरला न्हाईस ना?"

पाशानं अल्लाची शपथ घेतली. तरी तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं करून दाखवायला लावलं. दुसऱ्यांदाही तोच चेहरा आला, तेव्हा ती रडली. पाशाला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं निमूट तिच्या गालाच्या सुरकुत्या कमी केल्या आणि दोघांना शेजारी बसवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं तो फोटो ओसरीवर लावला. अमृतराव काठी टेकत आला, चष्मा पुसून पाहत राहिला.

"शिवहारनं फेटा कवा बांधला व्हय?" त्यानं सगळ्यांदेखत विचारलं.

पंचफुलाबाई ताट ठेवून पुढं आली.

"तो शिवहार न्हाई, भावजी. तुमचा भाऊ हाय."