मावशींनी वर पाठवलेला निरोप

इस्पितळाच्या तळघरात शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, बांधून, वाफेच्या यंत्रातून निर्जंतुक करून वर पाठवतात. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे मावशी म्हणत. म्हणजे मोठमोठे सर्जनसुद्धा! तोंडाचा पट्टा असा की वाफेचं यंत्रही क्षणभर गप्प बसावं. पण कुणी आजारी पडलं की पहिला फोन मावशींचाच, आणि त्यातही आधी दोन शिव्या.

त्या दिवशी घोळ झाला. एका शस्त्रक्रियेसाठी वर गेलेला हत्यारांचा संच वाफेत गेलेलाच नव्हता. प्रत्येक बांधलेल्या संचावर एक पट्टी चिकटवलेली असते, वाफ लागली की तिच्या रेघा काळ्या होतात. या पट्टीच्या रेघा फिक्याच. वरच्या सिस्टरचं लक्ष गेलं म्हणून बरं, तिने संच न उघडता बाजूला ठेवला. दुसरा संच येईपर्यंत पेशंट टेबलावर, सर्जन हात धुऊन उभे, आणि पाऊण तास वाया.

संच वर नेला होता नव्या पोरीने. तिला सगळे चिमणी म्हणत. नोकरी कायम व्हायला तिचा एकच महिना उरला होता. तिची पाचावर धारण बसली होती. कपाटाला टेकून ती मुसमुसत होती.

"रडतेस काय! आधी त्या ट्रॉलीवरचं बाकी सगळं कुठे गेलं ते शोध," मावशी कडाडल्या. दोघींनी मिळून वॉर्ड पालथे घातले. आणखी दोन फिक्या पट्ट्यांचे संच सापडले, न उघडलेले. मावशींचा जीव भांड्यात पडला.

आता मोठ्या मॅडमना, म्हणजे अधीक्षकांना, कळवायचं होतं. भांडारातले भाऊ नेमके तेव्हाच हातमोज्यांचे खोके घेऊन आले. "त्यात काय, पोरीचं नाव टाका आणि मोकळ्या व्हा! खापर तुमच्या डोक्यावर कशाला?"

मावशींनी फोन हातात घेतला आणि लिहिलं, 'मॅडम, मला शंभरदा माफ करा, माझं तोंड दाखवायची लाज वाटते...' वाचून त्यांना स्वतःचाच राग आला. हे कसलं लोटांगण? मॅडमना माहिती हवी आहे, आपले अश्रू नकोत. पुसलं. मग लिहिलं, 'कर्मचाऱ्याच्या नजरचुकीने...' आणि बोट थांबलं. नजर चिमणीची चुकली, हे खरं. पण फरशीचं काम निघाल्यावर वाफेआधीची आणि वाफेनंतरची ट्रॉली एकाच भिंतीला लावायला कुणी सांगितलं होतं? मावशींनीच. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे," असं म्हणून.

तेही पुसलं. शेवटी जे गेलं ते असं:

'मॅडम, आज आमच्या विभागातून वाफ न दिलेला संच शस्त्रक्रियेला गेला. सिस्टरनी पट्टी पाहून तो थांबवला, रुग्णासाठी वापरला गेला नाही. शस्त्रक्रिया पाऊण तास लांबली. त्याच ट्रॉलीवरचे आणखी दोन संच परत आणले आहेत, तेही न उघडलेले. फरशीच्या कामामुळे दोन्ही ट्रॉल्या शेजारी ठेवायला मी सांगितलं होतं, तो निर्णय चुकला. आजपासून त्या वेगळ्या खोल्यांत आहेत आणि संच बाहेर पडताना दोघं पट्टी बघतील. उशिराबद्दल दिलगीर आहे. जबाबदारी माझी.'

उत्तर लगेच आलं. 'नेला कोणी?'

भाऊंनी फोनमध्ये डोकावून मान डोलावली, बघा, म्हटलं नव्हतं? मावशींच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, फाइलीत शेरा पडायला नको होता. तरी त्यांनी लिहिलं, 'चौकशी ठेवलीत तर समोर बसून सगळं सांगेन, लपवण्यासारखं काही नाही. पण ट्रॉल्या तशाच राहिल्या असत्या तर उद्या दुसऱ्या कुणी नेला असता.'

उत्तर आलं, 'ठीक. उद्या खाली येऊन ट्रॉल्या बघते.' एवढंच. शाबासकी नाही, माफी नाही. मॅडम आल्या, बघून गेल्या, मावशींच्या फाइलीत एक लेखी ताकीद लागली. मावशींनी सही केली आणि पेन आपटलं.

चिमणीची नोकरी महिन्याने कायम झाली. त्यानंतरच्या एका दुपारी ती धावत आली, घामाघूम, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मावशी, माझी चूक झाली. आताच्या फेरीत यंत्रात दाटीवाटीने संच भरले. वाफ आतपर्यंत पोचली असेल असं वाटत नाही. एकही बाहेर जाऊ दिलेला नाही, आणि वर सिस्टरना उशीर होईल म्हणून कळवलंय."

कुणी पकडलं नव्हतं. बाहेरच्या पट्ट्या तर काळ्याच झाल्या असत्या, कुणाला कळलंही नसतं.

"डोकं कुठे असतं गं तुझं?" मावशी ओरडल्या. पण ओरडता ओरडताच त्या तिच्याआधी यंत्राकडे निघाल्याही. "चल, दोघी मिळून परत भरू."